आधणाला आकडा हवा कशाला?

‘‘अगं, पाणीच तापवायचंय ना?’’ आईचा प्रश्न एवढाच होता. मी तिला मोबाइलवर एक काळी, बारीक मानेची, पोटावर आकडे झळकणारी इलेक्ट्रिक केटल दाखवत होते. किंमत साडेपाच हजार. माझ्या इंटर्नशिपचं महिन्याचं मानधन त्याहून थोडंसं कमी. आईने चष्मा वर सरकवला, किंमत परत एकदा वाचली आणि ओट्याकडे वळून चहाचं आधण ठेवलं.

तुमच्यापैकी ज्यांना पोअर-ओव्हरचं वेड लागलंय त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ज्यांना लागलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शंकूसारखं एक भांडं, त्याला म्हणतात ड्रिपर. त्यात कागदी फिल्टर, फिल्टरमध्ये दळलेली कॉफी आणि वरून हळूहळू, गोल गोल ओतलेलं गरम पाणी. खाली कपात उतरते ती काळी कॉफी. दूध नाही, साखर नाही. आमच्या घरच्या जायफळ घातलेल्या, उपवासाला हमखास होणाऱ्या दुधाळ कॉफीशी तिचं नातं फक्त नावापुरतं. रोह्यात कुरिअरने पाकीट मागवायचं आणि घरी आपणच बनवायची, असा हा एकट्याचा उद्योग आहे. या उद्योगात शिरलं की आठवडाभरात कुणीतरी सांगतंच, ‘टेम्परेचर कंट्रोलवाली केटल घे, त्याशिवाय मजा नाही.’

मी ती घेतली नाही. का घेतली नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख. पण आधी एक गोंधळ दूर करते, कारण माझे दोन आठवडे त्यातच गेले.

त्या केटलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विकल्या जातात. एक म्हणजे तिची बारीक, वाकडी, हंसासारखी मान. दुसरी म्हणजे तापमान ठरवायचं बटण. व्हिडिओ बघताना आपल्याला दोन्ही एकच वाटतात. पण मान हवीच, बटणाचं तसं नाही. टपरीवरची चहाची किटली आठवा. तिची चोच आखूड आणि रुंद असते, कारण एका झटक्यात कटिंग भरायचा असतो. तिने ड्रिपरमध्ये पाणी ओतून बघा, कॉफीच्या मधोमध खड्डा पडतो, पाणी त्या खड्ड्यातून सरळ खाली पळतं आणि कडेची कॉफी कोरडीच राहते. कप पाणचटही लागतो आणि कडूही. बारीक मानेतून पेन्सिलीएवढी धार पडते, ती हवी तिथे फिरवता येते. आता गंमत बघा, हीच मान गॅसवर ठेवायच्या साध्या स्टीलच्या किटलीलाही मिळते. मी शोधत होते तेव्हा अशी किटली बाराशे ते अठराशेच्या आसपास होती. मी चौदाशेची घेतली. तापमानाच्या बटणासह तीच मान पाच-सहा हजारांपासून पुढे, आणि नावाजलेल्या परदेशी कंपनीची घेतली तर पंधरा हजारांच्याही वर. म्हणजे आपला वाद मानेचा नाही, बटणाचा आहे. वरचे चार हजार त्या बटणाचे.

मग बटण नेमकं काय करतं? तुम्ही ९३ म्हणालात तर पाणी ९३ अंशांना नेऊन थांबवतं आणि तिथेच धरून ठेवतं. पोअर-ओव्हरसाठी साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी वापरा, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. पाणी जेवढं गरम, तेवढा कॉफीतला अर्क लवकर आणि जास्त उतरतो. कमी उतरला तर कप आंबट, पातळ लागतो. जास्त उतरला तर कडू आणि जीभ कोरडी पाडणारा. इथवर सगळं खरं.

पण तापमान मोजणारं एक यंत्र आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. ते म्हणजे आधण. रोहा जवळपास समुद्रसपाटीला आहे. इथे पाणी खळखळून उकळलं की ते १०० अंशांवर असतं. आजही, उद्याही, ज्योत मोठी असो की बारीक. उकळत्या पाण्याखाली आणखी आच वाढवली तर वाफ वाढते, तापमान नाही. उंचीवर मात्र हा आकडा उतरतो, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. पुण्यात शिकणाऱ्यांचं आधण ९८ च्या आसपास येतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, ते साडेचौऱ्याण्णवच्या जवळपास. तिथे तुम्ही कितीही महागडी केटल नेलीत आणि ९६ वर लावलीत तरी ती बिचारी ९६ गाठणार नाही. पण तुम्ही जिथे राहता तिथला आकडा पक्का असतो. एकदा कळला की झालं.

आधण ओळखायलाही थोडं शिकावं लागतं, तेही मी आईकडूनच शिकले. तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागतात तेव्हा पाणी उकळत नसतं, ती पाण्यातली विरघळलेली हवा बाहेर पडत असते. मग किटली सूं सूं करत ओरडायला लागते. तेव्हाही पाणी उकळलेलं नसतं. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात फुटतात, त्याचा तो आवाज. हा आवाज एकदम खाली येतो आणि त्याच्या जागी जाड खळखळ सुरू होते, तेव्हा खरं आधण आलं. झाकण बंद असलं तरी हे कानाने कळतं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, १०० कळलं, पण हवं तर ९३ आहे! त्यासाठी मी तीनेकशे रुपयांचा सुईसारखा डिजिटल थर्मामीटर आणला. (तो घ्यायलाच हवा असं नाही. मला पडताळायचं होतं म्हणून.) पहिल्यांदा तो उकळत्या पाण्यात धरला, तेव्हा ९९.२ दाखवले. म्हणजे माझा थर्मामीटर ०.८ ने कमी सांगतो. पुढचे सगळे आकडे मी तेवढे वाढवून धरले. थर्मामीटर घेतलाच तर ही तपासणी आधी करा, नाहीतर चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून बसाल.

मग पातेल्यात अर्धा लिटर पाण्याला आधण आणलं आणि ते माझ्या थंड, रिकाम्या किटलीत ओतलं. किटलीचं स्टील जवळजवळ चारशे ग्रॅम. ओतून झाल्यावर मोजलं तर साडेत्र्याण्णव! मला वाटलं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी परत केलं. पुन्हा ९३ आणि ९४ च्या मध्ये. आठवड्याभरात सहा वेळा मोजलं, एकदाही अंशभरापेक्षा जास्त फरक नाही. यात जादू नाही. थंड स्टील स्वतः तापण्यासाठी पाण्यातली उष्णता घेतं आणि थोडी ओतताना वाफेबरोबर जाते. पाणी तेवढंच, किटली तीच, स्वयंपाकघर तेच, मग उतारही तेवढाच. अकरावीच्या फिजिक्समधलं गणित मांडलं तरी उत्तर ९४ च्या जवळच येतं. तुमची किटली हलकी असेल तर थोडं जास्त, जाड असेल तर कमी. एकदा मोजून ठेवलं की ते तुमचं ‘बटण’.

पाणी थेट किटलीतच उकळलं आणि गॅस बंद केला तर? झाकण बंद ठेवलं तर माझी किटली मिनिटाला एक-सव्वा अंशाने उतरते, झाकण काढलं तर दोन अंशांच्या आसपास. पंखा सुरू असेल तर त्याहून भरभर. म्हणजे झाकण काढून तीन-साडेतीन मिनिटं थांबलं की पुन्हा ९३. तेवढ्यात कॉफी मोजून, फिल्टर घडी घालून होतो. आणि डार्क रोस्ट असेल, त्याला ८८ हवे असतील, तर आपल्याकडची जुनी युक्ती आहेच. चहा गार करायला आपण वरखाली करतो ना? आधण किटलीत ओता, तिथून दुसऱ्या थंड पातेल्यात. दुसऱ्या भांड्याने आणखी पाच-सहा अंश खाल्लेले असतात. माझ्याकडे ८८ आले.

एक गोष्ट मात्र केटलची बाजू घेऊन सांगायला हवी. ओतायला तीन मिनिटं लागतात, त्या वेळात माझ्या किटलीतलं पाणी चार-पाच अंश उतरतं, कारण पाणी कमी होत जातं तसं ते आणखी भरभर गार होतं. इलेक्ट्रिक केटल मध्ये मध्ये बैठकीवर ठेवली की ९३ वर परत येते. हा फरक खरा आहे. प्रश्न असा, की तो कपात उतरतो का?

याचं उत्तर शोधायला मी पेणला गेले. माझ्या मावसभावाकडे, दादाकडे, ती केटल आहे. रोह्याहून गाडीने पेण, नागोठणं मागे टाकलं की आलंच. दादा माझ्यासारखा विद्यार्थी नाही, नोकरी करतो आणि दिवसाला चार कप पितो. सोबत आईलाही नेलं, कारण मावशी, आणि कारण आईची जीभ. भाजीत मीठ चिमूटभर कमी असलं तरी तिला वासावरून कळतं.

पहिला धक्का दादाला बसला. केटलवर ९३ दिसत होते आणि माझ्या थर्मामीटरवर, दुरुस्ती धरूनही, ९१. तो जरा नाराज झाला. पण यात बिघाड असा नव्हता. अशा केटलचा सेन्सर साधारणपणे तळाशी असतो, तो तळाचं सांगतो. त्यात त्यांच्याकडे बोअरवेलचं पाणी, तळाला पांढरे क्षार चढलेले. आम्ही केटल ९५ वर लावली तेव्हा आत खरे ९३ मिळाले. म्हणजे पडद्यावरचा आकडा हाही अंदाजच निघाला, फक्त दिव्यात लिहिलेला.

मग चाचणी. एकच पाकीट, चिकमगळूरची मध्यम भाजलेली कॉफी. प्रत्येक ड्रिपरमध्ये १५ ग्रॅम, दादाच्या हाताच्या ग्राइंडरवर एकाच खुणेला दळलेली. दोघांकडे प्लास्टिकचा सारखाच ड्रिपर. (प्लास्टिक स्वस्त असतं आणि चिनी मातीएवढी उष्णता खात नाही. महागडा सिरॅमिकचा ड्रिपर थंडच वापरला तर तोच तुमचे चार अंश गिळतो, केटल कितीही हुशार असली तरी.) फिल्टर आधी गरम पाण्याने भिजवून घेतला. पाणी २५० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. पहिल्यांदा ४५ ग्रॅम ओतून पाऊण मिनिट थांबायचं, कॉफी फुगते आणि तिच्यातला वायू बाहेर पडतो. मग सव्वा मिनिटापर्यंत १५० आणि दोन मिनिटांपर्यंत २५०. तीन मिनिटांच्या आसपास शेवटचा थेंब पडतो. दादाने केटलने ओतलं, मी किटलीने. माझं पाणी पातेल्यातून ओतलेलं, साडेत्र्याण्णवला सुरू झालेलं आणि नंतर कुणी न सांभाळलेलं.

मावशी पंच. प्रत्येकासमोर तीन छोटे कप, दोनांत एकच कॉफी आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा कप ओळखायचा. खूण म्हणून मावशीने कपांच्या बुडाला टिकल्या लावल्या, लाल म्हणजे केटल, मरून म्हणजे किटली. (त्यावरूनही वाद झाला, कारण उलटा कप बघताना मरून कुठली आणि लाल कुठली हे दादाला कळेना.) कॉफी कोमट होईपर्यंत थांबलो, कारण फार गरम असताना जिभेला फरक कळत नाही. तिघांच्या तीन-तीन फेऱ्या, एकूण नऊ. बरोबर ओळखले चार. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी तीन बरोबर आलेच असते.

मग मी दादाला म्हटलं, आता पाण्याला हात लावायचा नाही. केटल तीच, तापमान तेच, फक्त एका ड्रिपरची कॉफी ग्राइंडरच्या तीन खुणा जाड दळायची. पुन्हा नऊ फेऱ्या. बरोबर आठ. आईने तर पहिल्याच घोटाला कप बाजूला सारला. ‘‘हा पाण्यासारखा आहे. आणि आंबट.’’ जाड दळलेला होताच तो.

नऊ फेऱ्या म्हणजे संशोधन नव्हे, हे मलाही कळतं. पण ज्यांनी संशोधन केलंय त्यांचं म्हणणं फार वेगळं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांचा एक निबंध २०२० साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. त्यांनी यंत्रावर ८७, ९० आणि ९३ अंशांना फिल्टर कॉफी केली, पण प्रत्येक वेळी दळण वगैरे बदलून कॉफीची तीव्रता आणि उतरलेला अर्क सारखा ठेवला. मग चव घेण्याचं शिक्षण घेतलेल्या मंडळींना दिली. अर्क आणि तीव्रता सारखी असेल तर तापमानाने चवीत फारसा फरक पडत नाही, असं त्यात आढळलं. यातली ‘सारखी असेल तर’ ही अट मात्र नीट वाचा. तापमानाला अर्थच नाही, असं तो निबंध म्हणत नाही. तापमान अर्क कमी-जास्त करतं आणि तेच काम दळण करतं, तर ते दळणाकडून करून घेता येतं, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ. शिवाय त्यांची सगळी तफावत सहा अंशांची. कुणी ७० अंशांच्या पाण्याने कॉफी करून ‘दळण बदललं की झालं’ म्हणेल तर ते जमणार नाही.

मुळात ही पद्धत बटणाहून खूप जुनी आहे. जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने १९०८ मध्ये पितळी भांड्याला भोकं पाडून, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घालून पहिला कागदी फिल्टर केला. तिच्याकडे चूल होती आणि आधण. दक्षिणेतल्या घरांत पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन उतरतं तेही आधणाच्याच पाण्यावर.

आता पैशाकडे येते, कारण मला खरी चिंता तीच होती. पहिला समज असा की इलेक्ट्रिक केटल गॅस वाचवते. अर्धा लिटर पाणी २८ अंशांवरून १०० वर न्यायला केटल एका युनिटच्या साधारण विसाव्या भागाएवढी वीज घेते. युनिट आठ-दहा रुपयांचं धरलं तर ४० ते ५० पैसे. गॅसवर बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते, म्हणून निम्मीच कामी आली असं धरलं, तरी सहा-सात ग्रॅम गॅस लागतो. सिलिंडर नऊशेच्या आसपास धरला तर तेही ४० पैसेच. बरोबरी! त्यामुळे केटल तिचे पैसे वाचवून फेडेल, हे विसरा.

दुसरा हिशोब मला आवडला नाही, पण तो सांगायलाच हवा. वरचे चार हजार तीन वर्षांवर पसरले, रोज एक कप, तर कपाला साडेतीन-पावणेचार रुपये पडतात. कपात जाणारी १५ ग्रॅम कॉफीच तीस रुपयांची असते. मग साडेतीन रुपये म्हणजे काय मोठं? दादाचे तर चार कप, त्याला कपाला रुपयाही पडत नाही. त्याने घेतली ते त्याच्या परीने बरोबरच. सकाळी कामावर निघताना बटण दाबायचं, अंघोळ करून यायचं, पाणी तयार. गॅसकडे लक्ष नको. त्याची बायको ग्रीन टी पिते, तिला ७५-८० अंशांचं पाणी लागतं, आणि ते आधणावरून उतरवायला माझ्या पद्धतीने दहा मिनिटं जातील. रोज दोन-तीन वेगवेगळी तापमानं लागत असतील तर बटणाला पर्याय नाही, हे मी त्याच्या ओट्यापाशी उभं राहून मान्य केलं.

पण तुमच्या-माझ्यासारख्यांकडे चार हजार एकदाच येतात. ते केटलमध्ये गेले की दुसरीकडे जात नाहीत. आणि आपल्यातले बहुतेक जण कॉफी दळतात कशात? मिक्सरमध्ये. मिक्सरचं पातं कॉफी दळत नाही, तोडतं. त्यातून रव्याएवढे दाणे आणि पिठाएवढी भुकटी एकत्र निघते. भुकटीतून कडूपणा उतरतो, जाड दाण्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. अशा कॉफीवर तुम्ही ९३ नेमके ओतलेत काय आणि ९६ ओतलेत काय, कप सुधारत नाही. तापमान वाढवलं की भुकटी आणखी कडू होते, कमी केलं की जाड दाणे आणखी आंबट. मी महिनाभर हेच करत होते आणि दोष पाण्याला देत होते. चकत्यांमध्ये कॉफी भरडणारं, खुणा असलेलं हाताचं बरं ग्राइंडर साडेतीन-चार हजारांपासून मिळतं. म्हणजे बरोबर त्या बटणाएवढ्याच किमतीला. आईच्या जिभेने आठपैकी तीन गुण ज्या फरकाला दिले, तो फरक या दुसऱ्या वस्तूने पडलेला होता.

‘पण हॉस्टेलवर गॅस कुठाय?’ हा प्रश्न माझ्या मैत्रिणीने विचारला आणि तो रास्त आहे. खोलीत साधी इलेक्ट्रिक केटल ठेवायची परवानगी असेल, ती सातशे-आठशेची, मॅगीवाली, तर तिच्यात आधण आणा आणि बारीक मानेच्या किटलीत ओता. तेच साडेत्र्याण्णव. इंडक्शन असेल तर मात्र किटली घेण्याआधी तिच्या बुडाला चुंबक चिकटतो का बघा. अनेक स्टीलच्या किटल्यांना चिकटत नाही. चिकटला तरी बूड फार लहान असेल तर काही शेगड्या भांडं ओळखतच नाहीत, नुसत्या टूं टूं करत बसतात.

गॅसच्या किटलीचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. मोठ्या बर्नरवर ठेवली की ज्योत बुडाबाहेर येऊन मुठीला लागते. माझ्या किटलीच्या मुठीचं प्लास्टिक पहिल्याच आठवड्यात खालून वितळलं. म्हणून लहान बर्नर, आणि ज्योत बुडाच्या आत. काठोकाठ भरली तर उकळताना मानेतून पाणी थुंकते. आधण पातेल्यात आणून किटलीत ओतलं तर हे दोन्ही त्रास उरत नाहीत, आणि तापमानही आपोआप येतं. त्यामुळे हल्ली माझी किटली गॅसवर चढतच नाही.

आणि पावसाळा! आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल, कधी येईल, याचा नेम नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत अनेक दिवस अंधार होता. तेव्हा मला पोअर-ओव्हर माहीतही नव्हतं, पण घरात चहा झाला तो गॅसवरच. वीज लपंडाव खेळते तेव्हा अशा नाजूक सर्किटवाल्या वस्तू आधी दगावतात. दगावलेली केटल रोह्यातल्या मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या काकांनी उघडून बघितली तरी तिची पाटी त्यांच्याकडे मिळणार नाही, ती कुरिअरने पाठवायची. माझी किटली बिघडायला तिच्यात काही नाहीच. फार तर पोचा पडेल.

तर तुम्ही आत्ता ‘बाय नाऊ’वर बोट ठेवून बसला असाल, तर आधी एवढं करून बघा. आधण आणून आहे त्याच किटलीत ओता, कॉफी करा. आंबट लागली तर पुढच्या वेळी दळण बारीक करा. कडू लागली तर जाड. तीन-चार कपांत बसतं. हलक्या भाजलेल्या कॉफीचा आंबटपणा बारीक दळूनही जाईना, तर भांडं न बदलता किटलीतच आधण आणून लगेच ओता, शंभरच्या जवळचं पाणी अशा कॉफीला झेपतं. काळ्याकुट्ट भाजलेल्या कॉफीला वरखालीची युक्ती. हे सगळं करूनही रोजचा कप वेगवेगळा लागत असेल, आणि ग्राइंडर, वजनकाटा तुमच्याकडे आधीच असतील, तर मग बटणाचे पैसे मोजा, मी अडवणार नाही.

माझं ग्राइंडर दोन महिन्यांच्या मानधनातून थोडे थोडे बाजूला टाकून मागच्या शनिवारी आलं. आईने ते हातात घेऊन फिरवून बघितलं, किंमत विचारली, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, ‘‘यात जायफळ होतं का गं?’’ नाही होत, चकत्यांना वास लागतो, तेल चिकटतं. किटली मात्र तिने कधीच आपलीशी केलीय. तुळशीला पाणी घालायला ती मान तिला फार सोयीची वाटते.